समोशाच्या पारीत सारण किती, आणि गोळ्यात पाऱ्या किती

सिंहगड रस्त्यावरच्या एखाद्या सोसायटीकडून गणेशोत्सवात आरतीनंतर वाटण्यासाठी १५० समोशांची मागणी आली की घरगुती पद्धतीने काम करणाऱ्या व्यक्तीपुढे दोन प्रश्न उभे राहतात. मैदा किती भिजवायचा, आणि बटाटे किती उकडायचे? 'एक किलो मैद्यात पन्नासेक समोसे होतात' हे उत्तर आपल्याकडे सर्रास दिले जाते आणि ते अगदी चुकीचे नाही. पण लाटी किती ग्रॅमची, मोहन किती आणि पारी किती जाड हे त्यात सांगितलेले नसते. त्यामुळे एकाच्या हाताने पन्नास होणारे समोसे दुसऱ्याच्या हाताने बेचाळीस होतात आणि शेवटी पातेलेभर सारण उरते किंवा पाऱ्या उरतात. पुढे हीच १५० समोशांची मागणी उदाहरण म्हणून धरली आहे. समोसा पंजाबी पद्धतीचा, म्हणजे मोहन घातलेल्या जाडसर पारीचा आणि बटाट्याच्या सारणाचा आहे. मोमोंसाठी हिशोबात काय बदलते ते शेवटी आले आहे.

आधी एका समोशाची वजने ठरवा

एका लाटीची पोळी लाटून ती मधोमध कापली की दोन पाऱ्या मिळतात, म्हणून लाटीचे वजन हे नेहमी पारीच्या दुप्पट असते. मध्यम आकाराच्या समोशासाठी ६० ग्रॅमची लाटी घेऊन तिची १७ सेंटिमीटर व्यासाची पोळी लाटली, तर पारी साधारण २ मिलिमीटर जाड होते आणि अर्ध्या पोळीचे वजन ३० ग्रॅम भरते. ही जाडी समोशाला मानवते. त्याहून बरीच पातळ लाटली तर पारी खुसखुशीत होण्याऐवजी कडक होते आणि सारणाचा ओलावा तिच्यात लवकर उतरतो. बरीच जाड ठेवली तर चिरेजवळ, जिथे दोन पदर एकमेकांवर येतात, आतला मैदा कच्चा राहतो.

सारणाचे वजन मात्र पुस्तकातून किंवा दुसऱ्याकडून घेऊ नये, ते स्वतःच्या पारीवर मोजावे. त्यासाठी तीन पाऱ्या पुरतात. पारीच्या सरळ कडेला पाणी लावून, एक सेंटिमीटर चीर एकमेकींवर घेऊन द्रोण करावा. वजनकाट्यावर एक छोटी वाटी किंवा पेला ठेवून त्यात द्रोण उभा करावा, काटा शून्यावर आणावा आणि मग सारण भरत जावे. तोंड बंद करण्यासाठी वर दोन ते अडीच सेंटिमीटर कड मोकळी राहिली की थांबावे आणि आकडा लिहून घ्यावा. समजा तीन द्रोणांत ४४, ४७ आणि ४५ ग्रॅम बसले, तर ४५ ग्रॅम हे आपले माप झाले. हे तीन समोसे लगेच तळून पाहावेत, कारण भरताना नीट वाटणारे माप कढईत चिरेला पेलवतेच असे नाही.

हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे; सराईत हात नजरेने सारण भरतातच. अडचण द्रोणाच्या आकारात आहे. शंकूचे आकारमान उंचीच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणजे टोकापासून मोजता तीन चतुर्थांश उंचीपर्यंत सारण भरले तर द्रोणाच्या एकूण जागेपैकी जेमतेम ४२ टक्के जागा भरलेली असते, आणि तेच सारण उंचीच्या ८० टक्क्यांपर्यंत नेले तर ५१ टक्के जागा भरते. उंचीत फरक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी, पण सारणात फरक पाचव्या हिश्शाचा. ४५ ग्रॅमच्या जागी ५४ ग्रॅम गेले हे डोळ्याला कळत नाही, आणि १५० समोशांत तोच फरक १३५० ग्रॅम सारणाचा होतो. घाईत हात नेहमी जास्तीकडे झुकतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पोकळ समोसा कोणालाच द्यावासा वाटत नाही.

मैदा किती भिजवायचा

१५० पाऱ्यांना प्रत्येकी ३० ग्रॅमप्रमाणे ४५०० ग्रॅम भिजवलेले पीठ लागेल. परातीला आणि हाताला चिकटणारे पीठ, फाटलेली एखादी पारी, चाचणीचे तीन समोसे हे धरून चार-पाच टक्के जास्त घ्यावे. म्हणजे साधारण ४७०० ग्रॅम पीठ हवे.

आता या पिठात मैदा किती, हे काढण्यासाठी आपल्या कृतीचा गुणक माहीत असला पाहिजे. एक किलो मैद्याला २०० ग्रॅम मोहन, सुमारे ३८० ग्रॅम पाणी, १५ ग्रॅम मीठ आणि ५ ग्रॅम ओवा घेतला तर एकूण १६०० ग्रॅम होते, म्हणजे गुणक १.६ झाला. ४७०० ला १.६ ने भागले की २९३७ ग्रॅम येते. सरळ ३ किलो मैदा घ्यावा. त्याला मोहन ६०० ग्रॅम, पाणी सुमारे ११४० ग्रॅम, मीठ ४५ ग्रॅम आणि ओवा १५ ग्रॅम. तेल किंवा तूप वाटीने न मोजता वजनाने घ्यावे, कारण तेल पाण्यापेक्षा हलके असते आणि वाटीभर तेल म्हणजे वाटीभर पाण्याइतके ग्रॅम नव्हेत.

पाण्याचा आकडा मात्र अंदाजाचाच राहतो. भर पावसाळ्यात उघड्या पोत्यातला मैदा हवेतला ओलावा धरून बसलेला असतो आणि कमी पाण्यात भिजतो. मार्च-एप्रिलच्या पुण्याच्या कोरड्या हवेत तोच मैदा थोडे जास्त पाणी मागतो. म्हणून सुरुवातीला पाऊण पाणी घालून पुढचे लागेल तसे घालावे आणि शेवटी भिजवलेल्या गोळ्याचे वजन करावे. हे वजन करणे टाळू नये, कारण पाऱ्यांची संख्या कागदावरच्या कृतीतून नव्हे, तर या प्रत्यक्ष वजनातून ठरते. समोशाचे पीठ घट्टच हवे. पारी जास्त निघाव्यात म्हणून पाणी वाढवले तर वजन वाढते खरे, पण सैल पारीवर तळताना फोड येतात आणि ती मऊ पडते.

गोळ्याच्या वजनावरून पाऱ्या

समजा भिजवून, अर्धा तास झाकून ठेवल्यानंतर गोळा ४७६० ग्रॅम भरला. त्याला ६० ने भागले तर ७९ आणि थोडे उरते. म्हणजे ७९ लाट्या आणि १५८ पाऱ्या. चाचणीच्या तीन आणि फाटणाऱ्या चार-पाच वजा जाता १५० चा आकडा सुखरूप गाठता येतो.

७९ लाट्या एकेक करून तोलत बसणे मात्र वेळखाऊ आहे, आणि तोवर पिठाला वरून कोरडी साय धरते. त्यापेक्षा मोठ्या गोळ्यातून ४८० ग्रॅमचे उंडे तोलून घ्यावेत. ४८० चा अर्धा २४०, त्याचा अर्धा १२० आणि त्याचा अर्धा ६०. म्हणजे प्रत्येक उंड्याची लांब वळी करून तीनदा अर्धी केली की आठ लाट्या तयार होतात, आणि काटा फक्त उंड्यासाठी लागतो. ४७६० ग्रॅममधून असे नऊ उंडे निघतात, शेवटी ४४० ग्रॅम उरते. त्यातून ६० ग्रॅमच्या सात लाट्या तोलून काढल्या की ७९ पूर्ण होतात आणि २० ग्रॅम पीठ उरते, ते शेवटच्या लाट्यांत वाटून टाकावे. अर्धे करताना दोन-तीन ग्रॅमचा फरक पडतोच, तो चालतो. लाटी ५७ ते ६३ ग्रॅमच्या मध्ये असली तर समोशात फरक जाणवत नाही. एका वेळी एकच उंडा बाहेर काढावा आणि बाकीचे ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याखाली ठेवावेत.

कधी प्रश्न उलटा असतो: पीठ आधीच भिजलेले आहे, त्यात किती समोसे होतील? समजा १३५० ग्रॅम पीठ उरले आहे. ६० ने भागले तर २२ लाट्या होतात आणि ३० ग्रॅम उरते. हा उरलेला तुकडा बाजूला टाकणे किंवा त्याची एक वेगळीच अर्धगोल पारी लाटत बसणे, दोन्ही गैरसोयीचे आहे. त्याऐवजी जवळच्या पूर्ण संख्येने भागावे: २३ लाट्या केल्या तर प्रत्येक ५८.७ ग्रॅमची होते, जी आपल्या मर्यादेत बसते, आणि ४६ पाऱ्या मिळतात. भागाकारात राहिलेली बाकी अर्ध्या लाटीहून बरीच कमी असेल तर ती सगळ्या लाट्यांत वाटावी. अर्धी किंवा जास्त असेल तर एक लाटी वाढवावी. पीठ फार थोडे, म्हणजे पाच-सहा लाट्यांपुरतेच असेल, तर मात्र हा नियम सरसकट लावू नये, कारण तेव्हा एक लाटी वाढवल्याने बाकीच्या लाट्या चार-पाच ग्रॅमनी हलक्या होतात.

सारणाचा हिशोब

१५० समोशांना ४५ ग्रॅमप्रमाणे ६७५० ग्रॅम सारण लागते. चमच्याला, पातेल्याला आणि चव घेण्यात जाणारे धरून ७ किलो तयार ठेवावे. हे वजन फोडणी, मटार, आले-मिरची सगळे घातलेल्या आणि गार झालेल्या सारणाचे आहे. यात सोललेला उकडलेला बटाटा ५.६ किलो, मटार ९०० ग्रॅम आणि बाकीचे अर्धा किलो धरता येईल. उकडून सोलल्यावर बटाट्याचे वजन कमी होते. सालीत आणि डागाळलेल्या भागांत किती जाईल हे बटाट्याच्या आकारावर ठरते, कारण लहान बटाट्यांत सालीचा वाटा जास्त. बारा टक्के घट धरली तर बाजारातून ६.४ किलो बटाटे आणावे लागतील. मार्केट यार्डातून पोते आणणाऱ्याला ही तफावत फारशी जाणवत नाही, पण कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून मोजून आणणाऱ्याला जाणवते. खात्री हवी असेल तर एक किलो बटाटे आदल्या दिवशी उकडून, सोलून तोलावेत.

सारण गार झाल्याशिवाय तोलू नये आणि भरू तर नयेच. गरम सारणातून वाफ निघत राहते, ती द्रोणात अडकली की पारी आतून ओली होते आणि चीर सुटते.

भरण्यासाठी सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे सारणाचे ४५ ग्रॅमचे मुटके आधीच वळून ताटात मांडून ठेवणे. दहा मुटक्यांचे एकत्र वजन ४५० ग्रॅमच्या आसपास आले की हात बसला असे समजावे. एकेक मुटका तोलण्यापेक्षा दहा एकत्र तोलणे बरे, कारण घरगुती काटा एका ग्रॅमपर्यंतच दाखवतो आणि हाताच्या लहान चुका दहांत एकमेकींना भागतात. मुटका द्रोणात सैल सोडून बोटाने हलके दाबावा. ठासून भरला तर टोकाशी हवा अडकते आणि चीर ताणली जाते.

मध्येच एकदा तपासणी

मोठ्या मागणीत, विशेषतः दोघी-तिघी मिळून भरत असतील तेव्हा, शेवटपर्यंत थांबू नये. साठ समोसे झाले की उरलेले सारण तोलावे. साठ समोशांना २७०० ग्रॅम लागायला हवे, म्हणजे ७ किलोतून ४३०० ग्रॅम उरायला हवे. समजा ३७०० च उरले. याचा अर्थ ३३०० ग्रॅम साठ समोशांत गेले, म्हणजे प्रत्येकी ५५ ग्रॅम. उरलेल्या ९० समोशांना ४५ ग्रॅमप्रमाणे ४०५० ग्रॅम हवे, ३५० ग्रॅम कमी पडतील. अशा वेळी दोनच मार्ग असतात. ३७०० ला ९० ने भागून प्रत्येकी ४१ ग्रॅम भरायचे, किंवा चार-पाच बटाटे तातडीने उकडायचे. एकाच पंगतीत ५५ आणि ४१ ग्रॅमचे समोसे शेजारीशेजारी आले तर फरक दिसतो, म्हणून बटाटे उकडणेच योग्य. हीच तपासणी शेवटच्या वीस समोशांवर केली असती तर दोन्ही मार्ग बंद झाले असते.

कढईतून दिसणाऱ्या खुणा

सारण जास्त झाले की समोसा बहुधा दोन ठिकाणी हार खातो: मागच्या उभ्या चिरेवर किंवा तोंडाच्या कोपऱ्यावर. तेलात बटाट्याचे कण तरंगू लागतात, ते करपतात आणि तेल लवकर काळे पडते. सारण कमी झाले तर समोसा फुटत नाही, पण मधे खळी पडल्यासारखा बसतो, हातात हलका लागतो आणि खाताना मैद्याचीच चव पुढे येते. चीर उघडली तर दर वेळी सारणालाच दोष देऊ नये. मोजून ४५ ग्रॅम भरलेले समोसेही फुटत असतील तर चीर एक सेंटिमीटरपेक्षा अरुंद घेतली जात आहे, कडेला कोरडे पीठ लागले आहे किंवा सारण ओले आहे. आणि पारीवर फोड आले तर सारणाच्या वजनाचा त्यात काहीच संबंध नाही. तेल फार तापलेले आहे किंवा पीठ सैल आहे.

लहान समोसा म्हणजे सगळे त्याच प्रमाणात कमी, असे नव्हे

हीच सोसायटी पुढच्या वेळी चहाबरोबर लहान समोसे मागते, आणि तेव्हा सगळ्यांत जास्त सारण वाया जाते. ३० ग्रॅमच्या पारीत ४५ ग्रॅम, म्हणजे पारीच्या दीडपट. मग १२ ग्रॅमच्या पारीत १८ ग्रॅम, असा हिशोब सहज केला जातो. तो चुकतो, कारण पारीची जाडी तीच ठेवली तर तिचे वजन व्यासाच्या वर्गाप्रमाणे घटते आणि द्रोणातली जागा व्यासाच्या घनाप्रमाणे. १२ ग्रॅमच्या पारीचा व्यास मूळच्या ६३ टक्के होतो, पण द्रोणात जागा फक्त चौथा हिस्सा उरते. म्हणजे सारण ११ ते १२ ग्रॅमच बसते, जवळजवळ पारीइतकेच. म्हणून लहान समोशाची पारी दीड मिलिमीटरपर्यंत पातळ लाटावी. जाडी २ वरून दीडवर आली की तेवढ्याच १२ ग्रॅममध्ये पारी रुंद होते आणि १७-१८ ग्रॅम सारण मावते. मोठ्या समोशाकडे जाताना गणित उलट फिरते. त्यात सारण पारीच्या दीडपटीहून अधिक बसते, पण मग उभ्या चिरेवर वजनही तेवढेच वाढते.

मोमोंसाठी काय बदलते

मोमोच्या पिठात मोहन जवळपास नसते. अर्धा किलो मैदा, २५० ग्रॅम पाणी, चमचाभर तेल आणि मीठ मिळून सुमारे ७६५ ग्रॅम पीठ होते, म्हणजे गुणक १.५ च्या थोडा वर. लाटीचे दोन भाग होत नाहीत, एक लाटी म्हणजे एकच पारी. १० ग्रॅमच्या लाटीची ९ सेंटिमीटरची पारी, मधे किंचित जाड आणि कडेला पातळ, अशी लाटली तर तिच्यात साधारण १५ ग्रॅम सारण बसते आणि कडेचा दीड सेंटिमीटर चुण्या घालायला उरतो. ७६५ ग्रॅममध्ये अशा ७६ लाट्या होतात. इथे एका ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्के, म्हणून १०० ग्रॅमचा उंडा तोलून त्याचे दहा भाग करावेत.

कोबीच्या सारणाचे वजन मात्र मीठ लावून, पंधरा-वीस मिनिटांनी पिळल्यानंतरच धरावे. किसलेला किंवा चिरलेला कोबी पिळल्यावर वजनात बराच उतरतो, आणि किती ते कोबीवर आणि हाताच्या जोरावर अवलंबून असते. अर्धा किलो कोबी पिळून तोलला की त्या दिवसाचे प्रमाण हाती येते, आणि बाकीची खरेदी त्यावर करता येते. न पिळलेले सारण वजनाला भरते, पण वाफवताना पाणी सोडते आणि मोमोचा तळ फाटतो.

मोठी पोळी लाटून वाटीने गोल पाऱ्या कापण्याची पद्धत वेगवान असली तरी तिच्यात पाऱ्यांचा हिशोब वजनाला थेट भागून निघत नाही. गोल एकमेकांना टेकवून सरळ रांगांत कापले तर पोळीच्या मधल्या भागातूनही ७८ टक्क्यांपेक्षा जास्त पीठ वापरले जात नाही; रांगा एकाआड एक सरकवून कापल्या तर ही मर्यादा ९० टक्क्यांपर्यंत जाते. पण पोळीच्या कडा वाया जातात, म्हणून पहिल्या कापणीत पिठाचा दोन तृतीयांश भाग हाती आला तरी चांगले. ७६५ ग्रॅम पिठातून १० ग्रॅमच्या पाऱ्या पहिल्या फेरीत पन्नासच धराव्यात. उरलेली कात्रणे गोळा करून पुन्हा लाटता येतात, पण त्यांत वरून लावलेला कोरडा मैदा मिसळलेला असतो आणि ती ताणून आखडतात; त्यांना वीस मिनिटे झाकून ठेवावे लागते.

शिवाय कापलेल्या पारीचे वजन आता लाटीवर नव्हे, तर जाडीवर ठरते. दीड मिलिमीटर जाडीची ९ सेंटिमीटरची पारी ११ ग्रॅमच्या थोडी वर भरते आणि २ मिलिमीटरची १५ ग्रॅमच्या वर. जाडी डोळ्याला कळत नाही, म्हणून पहिल्या दहा पाऱ्या एकत्र तोलाव्यात. १०० ते ११५ ग्रॅममध्ये आल्या तर पुढे जावे, त्याहून जड आल्या तर पोळी अजून लाटावी. मात्र एकदा लाटलेल्या पोळीवरून बेलणे पुन्हा फिरवण्याआधी तिच्यावरचा सुटा मैदा झटकून टाकावा, नाहीतर तोच मैदा वजनात धरला जातो आणि कडाही चिकटत नाहीत.